बारा-अठराच्या तावावर किती कार्डं बसतील? गॅप, मार्जिन आणि ताव मागवण्याचा हिशेब

मालवणातला होमस्टेवाला हजार कार्डं सांगून जातो, देवगडचा बागायतदार मार्चच्या आधी लेबलं मागतो, आणि काउंटरवर बसलेला माणूस कॅल्क्युलेटरवर तावाचं क्षेत्रफळ भागिले कार्डाचं क्षेत्रफळ करून मोकळा होतो. बारा बाय अठरा इंच म्हणजे २१६ चौरस इंच, साडेतीन बाय दोनचं कार्ड सात चौरस इंच, म्हणजे तीस कार्डं! प्रत्यक्षात त्या तावातून तीस कार्डं कधीच निघत नाहीत. कार्ड अर्धं कापून पुढच्या ओळीत जोडता येत नाही, मशीन तावाच्या कडेपर्यंत छापत नाही, आणि कटिंगच्या ब्लेडला चुकायला थोडी जागा लागते. म्हणून हिशेब क्षेत्रफळाचा करायचा नाही. लांबीत किती आणि रुंदीत किती, हे वेगवेगळं काढायचं.

इथे एकच जॉब शेवटपर्यंत नेऊ. कार्ड ८९ बाय ५१ मिलीमीटर (साडेतीन बाय दोन इंच), दोन्ही बाजूंनी रंगीत, पार्श्वभूमी गडद निळी आणि कडेपर्यंत. ताव बारा-अठराचा, ३०० जीएसएम आर्ट कार्ड, डिजिटल मशीन, वर मॅट लॅमिनेशन. पाहिजेत १००० कार्डं.

आधी ताव मोजा

पाकिटावर १२×१८ लिहिलेलं असतं, म्हणजे कागदोपत्री ३०५ बाय ४५७ मिलीमीटर. पण मोठ्या तावातून कापून पाकिटं भरलेली असली की दोन-तीन मिलीमीटर कमी भरणं अगदी नेहमीचं आहे. गठ्ठ्यातले चार-पाच ताव काढून स्टीलच्या पट्टीने मोजा आणि सगळ्यांत लहान निघेल तो आकडा हिशेबात धरा. हे उगाच सांगत नाही. पुढे दिसेल की या जॉबमध्ये लांबीच्या बाजूला फक्त एक मिलीमीटर शिल्लक राहतो.

कडेला किती सोडायचं

तावाच्या कडेपासून सर्वांत बाहेरच्या कार्डाच्या कापरेषेपर्यंतचं अंतर तीन तुकड्यांनी बनतं. पहिला तुकडा मशीन छापूच शकत नाही तो पट्टा. डिजिटल मशीनवर चार मिलीमीटर धरले की सहसा भागतं, तरी आपल्या मशीनवर पूर्ण रंगाचं एक पान छापून पांढरी कड मोजून घ्यावी. दुसरा तुकडा क्रॉप मार्कचा, चार मिलीमीटर. तिसरा ब्लीडचा, म्हणजे कार्डाचा रंग कापरेषेच्या बाहेर जितका पसरवलेला असतो तितका, इथे दोन मिलीमीटर. क्रॉप मार्क ब्लीडच्या बाहेरून सुरू व्हायला हवा. तो ब्लीडमध्ये घुसला तर ब्लेड किंचित सरकल्यावर कार्डाच्या कोपऱ्यात काळी टिचकी दिसते. अशी शंभर कार्डं गिऱ्हाईक परत आणून देतं.

चार, चार आणि दोन मिळून दहा. ही दहा मिलीमीटर चारही बाजूंनी वजा केली की वापरायला उरतात २८५ बाय ४३७.

ऑफसेटला ग्रिपरची बाजू वेगळी धरावी लागते आणि तिथे जास्त जागा जाते. ती छापणाऱ्याला विचारूनच घ्यावी.

गॅप आणि आडवं-उभं

दोन कार्डांच्या मध्ये दोघांचंही ब्लीड येतं, म्हणून गॅप दोन अधिक दोन, चार मिलीमीटर. सूत्र सोपं आहे. वापराच्या लांबीत एक गॅप मिळवायचा आणि कार्डाची बाजू अधिक गॅप याने भागायचं. दशांश सोडून द्यायचे. गॅप मिळवायचा कारण शेवटच्या कार्डानंतर गॅप लागत नाही, पण भागाकार मात्र प्रत्येक कार्डामागे एक गॅप धरून चालतो.

एक्सेलमध्ये एकदा बसवून ठेवलं की काउंटरवरचा कोणीही वापरू शकतो. खाली A2 मध्ये तावाची बाजू, B2 मध्ये कडेची मार्जिन, C2 मध्ये गॅप, D2 मध्ये कार्डाची बाजू:

```
=INT((A2-2*B2+C2)/(D2+C2))
```

आता कार्ड आडवं ठेवू, म्हणजे ८९ ची बाजू तावाच्या ३०५ च्या बाजूला. २८५ अधिक ४ म्हणजे २८९, भागिले ९३, उत्तर तीन. दुसऱ्या दिशेला ४४१ भागिले ५५, उत्तर आठ. तीन गुणिले आठ, २४ कार्डं.

कार्ड उभं फिरवलं तर ४४१ भागिले ९३ चार येतात आणि २८९ भागिले ५५ पाच, म्हणजे वीसच. एका तावामागे चार कार्डांचा फरक. दोन्ही दिशा काढून बघितल्याशिवाय सेटिंगला बसू नये असं म्हणतात ते यासाठी.

आठ कार्डं आणि सात गॅप मिळून ४०८ अधिक २८ म्हणजे ४३६ होतात. जागा ४३७ ची. ताव खरोखर ४५७ चा असेल तरच हे बसतं. तो ४५५ निघाला, तर एक मिलीमीटर कमी पडतो आणि आठवी ओळ गेली, म्हणजे तीन कार्डं गेली. तेव्हा ओळ सोडू नका. गॅप तीन मिलीमीटर करा. आठ ओळी ४२९ मध्ये मावतात आणि ब्लीड दीड मिलीमीटर उरतो. कटिंगवाल्याचा हात चांगला असेल आणि ब्लेडला धार असेल तर दीड मिलीमीटर पुरतो. उलट, सवयीने ब्लीड तीन आणि गॅप सहा धरणारे लोक आहेत. त्यांची मार्जिन अकराची होते, ४४१ भागिले ५७ सातच येतात आणि ताव २१ वर उतरतो. डिझायनरने फाईलमध्ये तीनचा ब्लीड दिला असला, तरी तावावर मांडताना तो दोनवर कापता येतो. त्यासाठी डिझाइन बदलावं लागत नाही.

गॅप शून्य केला तर? २८५ भागिले ८९ तीन, ४३७ भागिले ५१ आठ. पुन्हा २४च! म्हणजे गॅप काढून या तावावर एकही कार्ड वाढत नाही. वाचतं ते फक्त कटिंग. पट्ट्या एकत्र लावून कापल्या तर गॅपसहित कार्डाला ब्लेड बावीस वेळा खाली येतं, गॅपशिवाय तेरा वेळा. कार्डाच्या कडेला पांढरा कागदच असेल तर खुशाल गॅपशिवाय लावा आणि वेळ वाचवा. निळ्या पार्श्वभूमीच्या कार्डाला मात्र नाही. कारण कार्डाची एक कड निळी आणि समोरची कड पांढरी असली, किंवा शेजारी दुसऱ्या गिऱ्हाईकाचं पिवळं कार्ड असलं, की अर्ध्या मिलीमीटरची चूकही कडेला रेघ होऊन दिसते.

मोठा ताव नेहमी फायद्याचा, हा समजही इथेच तपासून घ्या. तेरा-एकोणीसचा ताव ३३० बाय ४८३. मार्जिन वजा जाता ३१० बाय ४६३. कार्ड आडवं लावलं तर २४, म्हणजे जैसे थे. उभं लावलं तर ४६७ भागिले ९३ पाच, ३१४ भागिले ५५ पाच, एकूण २५. बाराच्या तावावर आडवं जिंकलं, तेराच्यावर उभं, आणि इतका मोठा ताव घेऊन हाती आलं एक कार्ड. तेरा-एकोणीसचा ताव बारा-अठरापेक्षा साधारण १४ टक्के मोठा असतो आणि कागदवाला त्याच हिशेबात दाम लावतो, तेव्हा या कार्डाला तो नको. ए-थ्रीवर, जाता जाता, २१ बसतात.

मागची बाजू

पुढचं मांडून झालं की मागचं तितकंच सोपं वाटतं, आणि घोळ तिथेच होतो. तीन कार्डांची आडवी ओळ २७५ मिलीमीटरची. ती ३०५ च्या तावावर मधोमध ठेवली की दोन्हीकडे १५ राहतात. उभी रांग ४३६, वर-खाली साडेदहा. मांडणी अशी मधोमधच हवी. एका कडेला चिकटवून मांडलीत, डावीकडे १० आणि उजवीकडे २०, तर ताव उलटल्यावर मागची छपाई दहा मिलीमीटर बाजूला जाऊन पडते. फाईल पाहून हे कळत नाही, कारण स्क्रीनवर दोन्ही पानं सारखीच दिसतात.

ताव लांब कडेवरून उलटा, पुस्तकाचं पान उलटावं तसा. म्हणजे ओळी जागच्या जागी राहतात आणि फक्त डावं-उजवं बदलतं. सगळी कार्डं एकाच नावाची असतील तर त्याने काही बिघडत नाही. पण पहिल्या रांगेत आई, दुसऱ्या रांगेत मुलगा आणि तिसऱ्या रांगेत सून अशी एकाच होमस्टेची तीन नावं असतील, आणि मागच्या बाजूला प्रत्येकाचा वेगळा मोबाईल नंबर असेल, तर मागच्या पानावर क्रम सून, मुलगा, आई असा उलटा लावावा लागतो. आखूड कडेवरून उलटलात तर मागचं कार्ड डोक्यावर उभं राहतं. मशीनच्या ड्रायव्हरमध्ये ही निवड कुठे आहे ते एकदा पाहून कागदावर लिहून मशीनवर चिकटवा.

पहिला ताव दोन्ही बाजूंनी छापून घ्या आणि एका कोपऱ्यातल्या क्रॉप मार्कच्या छेदावर टाचणी टोचा. ताव उलटा. टाचणीचं भोक मागच्या मार्कवरच आलं पाहिजे. अर्धा मिलीमीटर इकडेतिकडे झालं तर चालतं, कार्डाच्या कापावर ते दिसत नाही. एक मिलीमीटर किंवा जास्त असेल तर मशीनच्या मागच्या बाजूच्या सेटिंगमध्ये तेवढं सरकवा. चारही कोपरे टोचून बघा. एका कोपऱ्यात जुळतं आणि समोरच्या कोपऱ्यात जुळत नाही, असं असेल तर सरकवून उपयोग नाही. कागदच आकसलाय.

किनाऱ्यावर हे जास्त होतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथली हवा इतकी दमट असते की पाकीट फोडून ठेवलेला कागद रात्रीत पाणी ओढतो आणि कडा लाटांसारख्या होतात. तो मशीनमधून गेला की पहिल्या बाजूच्या उष्णतेने पाणी उडतं, कागद आकसतो आणि दुसरी बाजू त्या आकसलेल्या कागदावर छापली जाते. पावसाळ्यात पाकीट छपाईच्या वेळीच फोडायचं, उरलेले ताव लगेच प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळायचे, आणि कागदाचा गठ्ठा भिंतीला टेकवून किंवा सिमेंटच्या फरशीवर ठेवायचा नाही. कार्डाच्या कडेला बारीक चौकट असेल तर ती कापरेषेच्या चार मिलीमीटर आत घ्या. दोन मिलीमीटरवर असलेली चौकट अर्धा मिलीमीटर सरकली की डोळ्यांत खुपते, चारवर असलेली तितकी खुपत नाही.

किती ताव मागवायचे

१००० भागिले २४ म्हणजे ४१.६७, वर धरून ४२. बेचाळीस तावांतून १००८ कार्डं निघतात, शिल्लक आठ. ही आठ बघून निश्चिंत होऊ नका, कारण एक ताव वाया गेला की एकदम चोवीस कार्डं जातात.

नासधूस कुठे होते ती ठिकाणं ठरलेली आहेत. रंग आणि मागचं-पुढचं जुळवताना दोन-तीन ताव. मशीनमध्ये अडकलेला किंवा डाग पडलेला एखादा. लॅमिनेशनच्या सुरुवातीला फिल्म ताणून बसेपर्यंत दोन-तीन. आणि कटिंगला एखादा, कारण गठ्ठ्यातला सर्वांत वरचा ताव क्लॅम्पच्या दाबाने खुणावला जातो. हे सगळं मिळून या जॉबला आठ धरावेत. बेचाळीस अधिक आठ, पन्नास ताव.

सरसकट टक्केवारी लावून हे निघत नाही. पाच टक्के लावले तर बेचाळिसावर जेमतेम तीन ताव येतात आणि लॅमिनेशनलाच संपतात. दुसरीकडे पाचशे तावांच्या जॉबला पाच टक्क्यांनी पंचवीस येतात. सुरुवातीची नासधूस जॉब लहान असो वा मोठा, जवळपास तेवढीच असते. म्हणून ठरावीक सहा-सात ताव, अधिक मोठ्या जॉबला दोन टक्के, असा हिशेब ठेवावा.

पाकीट शंभर तावांचं असेल तर पन्नास ताव उरतात. तीनशे जीएसएमचा उघडा कागद गणपतीपर्यंत पडून राहिला तर पुढच्या जॉबला तो वाकडाच जाणार. तेव्हा दोन जॉब एकत्र करता येतात का ते बघा. चोवीस जागा वाटायला सोयीच्या आहेत. दोन, तीन, चार, सहा आणि आठ नावं नेमकी बसतात. तिघांना ३००, २०० आणि १०० कार्डं हवी असतील तर १२, ८ आणि ४ जागा द्या, पंचवीस तावांत तिघांचंही पूर्ण होतं. पाच नावांना मात्र प्रत्येकी चारच जागा मिळतात आणि चार रिकाम्या राहतात. ज्याला जास्त लागणार त्याला त्या द्या, गिऱ्हाईकाला विचारून.

कापताना

छापण्याआधीच तावाच्या एका कोपऱ्यावर, मार्जिनमध्ये, छोटा ठिपका टाका. मशीनमध्ये जी कड गाईडला लागते ती या कोपऱ्याजवळची हवी, आणि कटिंगलाही हाच कोपरा मागच्या गेजला लागला पाहिजे. ताव लहान-मोठे असले तरी या कडेपासूनची अंतरं प्रत्येक तावावर सारखी राहतात. समोरच्या कडेपासून मोजलीत तर तावातला दोन मिलीमीटरचा फरक सरळ कार्डात उतरतो.

उभ्या दिशेने गेजचे आकडे असे येतात: ४४६.५, मग ३९५.५, मग ३९१.५, मग ३४०.५. एकदा ५१ वजा, एकदा ४ वजा. शेवटची पट्टी उरते तेव्हा तिच्या मागे साडेदहाची मार्जिन असते आणि गेज इतका पुढे येत नाही. पट्टी फिरवा, कापलेली कड गेजला लावा आणि ५१ वर कापा. गठ्ठा फार उंच घेऊ नका, पंचवीस-तीस ताव पुरे. उंच गठ्ठ्यात किंवा बोथट ब्लेडने कागद ब्लेडखाली ओढला जातो आणि वरचं कार्ड ५१ तर खालचं सव्वापन्नास निघतं. पहिली पट्टी कापली की सगळ्यांत वरचं आणि सगळ्यांत खालचं कार्ड एकावर एक ठेवून टेबलावर उभं करून बघा. फरक नखाला लागला तर गठ्ठा अर्धा करा.

लेबलाला हेच सूत्र, पण आकार आपल्या हातात

कार्डाचा आकार ठरलेला असतो. लेबलाचा नसतो, आणि पैसा तिथेच वाचतो. कोकम सरबताच्या बाटलीला १५० बाय ८० चं लेबल आणि हवीत २०००, असं धरू. बारा-अठराचा स्टिकर ताव, मार्जिन आणि गॅप तेच. लेबलाची १५० ची बाजू तावाच्या लांबीत ठेवली तर ४४१ भागिले १५४ दोनच येतात, रुंदीत २८९ भागिले ८४ तीन. एका तावात सहा. दुसऱ्या दिशेला पाच. म्हणजे सहाचा हिशेब आणि ३३४ ताव.

आता उलटीकडून या. तीन बसायचे तर लेबल किती हवं? ४४१ भागिले ३ म्हणजे १४७, वजा गॅप चार, १४३. त्यात एक मिलीमीटर सोडून १४२ घ्या. आता तावात नऊ, आणि २००० साठी २२३ ताव. एकशे अकरा ताव वाचले, लेबल आठ मिलीमीटरने आखूड करून. सत्तर मिलीमीटर व्यासाच्या बाटलीचा घेर २२० असतो, त्यावर १५० चं लेबल काय आणि १४२ चं काय, मागे मोकळी काच दिसतेच. पण डिझाइन दाबून लहान करू नका. घटक, निव्वळ वजन, एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक हा मजकूर आधीच बारीक असतो. डाव्या-उजव्या कडेची रिकामी जागा काढून टाका आणि अक्षरं होती तेवढीच ठेवा. मजकूर मावत नसेल तर सहावरच राहा.

लेबलावर लॅमिनेशन असेल तर बॅच नंबर आणि तारखेच्या चौकोनाचा विचार छपाईआधीच करा. साध्या स्टॅम्पची शाई लॅमिनेशनवर वाळत नाही, बोटाने पुसली जाते. एकतर लॅमिनेशनशिवाय घ्या, नाहीतर चटकन वाळणारी, प्लॅस्टिकवर बसणारी शाई गिऱ्हाईकाला आधी सुचवा. फ्रीजमध्ये जाणाऱ्या बाटलीला कागदी स्टिकर न लावता प्लॅस्टिक फिल्मचा लावा. बाहेर काढल्यावर बाटलीला सुटणाऱ्या घामाने कागद फुगतो आणि कडा उठतात.

गोल लेबल असेल, झाकणावरचं वगैरे, तर ते त्याच्या व्यासाच्या चौकोनासारखं मोजा. ते प्लॉटरवर हाफ कट होणार असेल तर दहाची मार्जिन विसरा. प्लॉटरला आपल्या खुणा शोधायला जास्त जागा लागते. ती किती, ते त्या मशीनच्या माणसाला विचारून वरच्या सूत्रातल्या B2 मध्ये तो आकडा टाका आणि मग भाव सांगा.